कुठलं चार-बारा?

पत्र

जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांवर मी २२ मिनिटांचा माहितीपट करते आहे. एडिटरने रफ कट पाठवला. मी तो तीनदा पाहिला, अडीच पानं नोट्स लिहिल्या आणि प्रत्येक नोटसमोर वेळही टाकली. तरी त्याचा फोन आला, "कुठलं चार-बारा?" तो म्हणतो, सुरुवातीच्या नोट्स दहाएक सेकंद चुकतात आणि सात मिनिटांनंतरच्या तर अर्धा मिनिट. मी सांगते ती गोष्ट त्याच्याकडे नेहमी आधीच होऊन गेलेली असते. मी आकडे प्लेअरच्या पट्टीवरचे घेतले. चित्राच्या कोपऱ्यात आणखी लांबलचक आकडे पळत होते, पण ते 01 पासून सुरू होत होते. आमची फिल्म काही तासाभराची नाही, म्हणून ते सोडून दिले. मधे त्याने "एक छोटीशी दुरुस्ती" केल्याचं सांगितलं होतं. माझ्या चार नोट्स नमुन्याला देते: "4:12 हा शॉट नको. 7:30 संगीत जड. 9:05 इथे काहीतरी खटकतं. शेवट लांब." त्याला फोन करावा लागू नये अशा नोट्स कशा लिहू?

– वेळ चुकलेली दिग्दर्शिका

उत्तर

तुम्ही एक गोष्ट फार नेमकी लिहिली आहे: किती चुकतं, आणि कुठपासून जास्त चुकतं. बहुतेक जण "वेळा जुळत नाहीत" एवढंच सांगतात आणि त्यावरून काही निदान होत नाही. तुमच्या माहितीवरून होतं.

आधी त्या सोडून दिलेल्या आकड्यांकडे वळू. त्याला टाइमकोड म्हणतात आणि एडिटरने तो चित्रावर मुद्दाम, खास तुमच्यासाठी छापला होता. त्यात दोन-दोन आकड्यांच्या चार जोड्या असतात: तास, मिनिटं, सेकंद आणि फ्रेम. फिल्म 01:00:00:00 वर सुरू होते कारण एडिटिंगच्या धंद्यात तशी जुनी रीत आहे. फिल्मच्या आधी थोडी जागा लागते. तिथे नावाची पाटी म्हणजे स्लेट असते, काही सेकंद काळं असतं. फिल्म शून्यावर सुरू केली तर ही पाटी शून्याच्याही मागे जाईल, आणि टाइमकोड शून्याच्या मागे गेला की उणे होत नाही, आदल्या रात्रीचा 23:59 होतो. टेपच्या जमान्यात त्याने मशीन गोंधळायची. म्हणून फिल्म एक तासावर ठेवायची आणि पाटी 00:59:50 वगैरेला. तो 01 म्हणजे लांबी नव्हे, घराचा नंबर समजा. तुमची फिल्म 01:00:00:00 ला सुरू होते आणि साधारण 01:22:00:00 ला संपते.

आता प्लेअरची पट्टी. तिला यातलं काही ठाऊक नसतं. फाइलची पहिली फ्रेम दिसली की ती शून्यापासून मोजायला लागते, पाटीसकट. तुमच्या फाइलला पुढे दहा सेकंदांची पाटी असणार. म्हणजे पट्टीवर 4:12 दिसत होतं तेव्हा कोपऱ्यातला आकडा 01:04:02 होता. एडिटरने तुमचं 4:12 वाचलं, टाइमलाइनवर 01:04:12 ला गेला आणि दहा सेकंद पुढे जाऊन पडला. म्हणूनच तुमची गोष्ट त्याला मागे राहिलेली दिसते.

सात मिनिटांनंतरचा अर्धा मिनिट कुठून आला, ते ती "छोटीशी दुरुस्ती" सांगेल. तुमच्याकडे पहिली फाइल होती. दरम्यान त्याने सातव्या मिनिटाच्या आसपास काहीतरी काढलं, माझ्या अंदाजाने वीस-बावीस सेकंदांचं. टाइमलाइनवर मधला तुकडा काढला की त्यापुढचं सगळं तेवढंच अलीकडे सरकतं. तुम्ही 9:05 म्हणता. पाटीचे दहा वजा केले की पहिल्या कटमध्ये ती जागा 01:08:55 येते. बावीस सेकंद गेले असतील तर त्याच्या आजच्या टाइमलाइनवर ती 01:08:33 ला आहे. तो मात्र 01:09:05 ला जाऊन बसलाय, ३२ सेकंद पुढे.

पुढे कधी असं झालं तर एका नोटवरून निष्कर्ष काढू नका. सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा तीन नोट्स तपासा. तिन्हींत फरक सारखाच असेल तर पाटीचा किंवा सुरुवातीच्या आकड्याचा घोळ आहे. फरक एका जागी एकदम उडी मारत असेल तर तुम्ही दोघं वेगवेगळे कट पाहताय. आणि तो हळूहळू वाढत जात असेल तर भानगड फ्रेमच्या वेगात आहे. सेकंदाला नेमक्या २५ किंवा २४ फ्रेमच्या कामात हे सहसा भेटत नाही. ज्याला ३० म्हणतात पण जो प्रत्यक्षात २९.९७ असतो, त्या वेगात भेटतं. तिथे मोजणीची एक पद्धत घड्याळाच्या मागे पडत जाते, तासाला ३.६ सेकंद. तुमच्या २२ मिनिटांत तो फरक सव्वा सेकंदाच्या थोडा वरच राहिला असता, दहा आणि बत्तीस नव्हे. तेव्हा ती शंका सोडून द्या.

अडीच पानं पुन्हा लिहू नका. वरच्या ओळीत लिहा: "या नोट्स पहिल्या कटवरच्या आहेत, फाइलचं नाव अमुक. सर्व वेळा प्लेअरच्या पट्टीवरच्या असून त्यातून दहा सेकंद वजा करावेत." दहाचा आकडा आधी फाइल उघडून पडताळा: कुठल्याही एका क्षणी थांबवून पट्टी आणि कोपरा यांतला फरक पाहायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. त्याच्याकडे पहिल्या कटची टाइमलाइन जपलेली असेल (नसेल तर तुम्हाला दुसरा एडिटर शोधायला हवा, हे अर्ध्या गमतीने). त्या टाइमलाइनवर तुमच्या नोट्स बरोबर बसतील. सात मिनिटांनंतरच्या नोट्समधून तुम्ही स्वतः बावीस वजा करत बसू नका. तो हिशेब एडिटरला टाइमलाइनकडे पाहून जमतो, तुम्हाला अंदाजाने करावा लागेल, आणि चुकलेल्या वेळेपेक्षा दोनदा दुरुस्त केलेली चुकीची वेळ जास्त छळते.

पुढच्या फेरीपासून कोपऱ्यातलाच आकडा घ्या. कधीकधी चित्रावर दोन आकडे पळताना दिसतात. त्यातला एक फिल्मचा असतो आणि दुसरा मूळ कॅमेऱ्याच्या क्लिपचा. ओळखायची खूण सोपी आहे: शॉट बदलला की जो आकडा भलतीकडे उडी मारतो तो क्लिपचा, आणि कट आला-गेला तरी जो शांतपणे पुढे मोजत राहतो तो तुमचा. चित्रावर आकडेच नसतील तर एडिटरला सांगा, "टाइमकोड छापून एक्सपोर्ट कर." त्याला वेगळी मेहनत पडत नाही.

आता पाहताना काय करायचं ते. पहिल्यांदा पाहाल तेव्हा थांबवू नका. हातात कागद असला तर नुसती फुली मारा. प्रेक्षक एकदाच पाहणार आहे आणि तुमचंही पहिलं पाहणं एकदाच होतं. ते थांबवत-थांबवत खर्च झालं की परत मिळत नाही. दुसऱ्यांदा थांबवत पाहा. इथे एक शारीरिक अडचण आहे: खटकलं, मेंदूने ठरवलं, बोट बटणावर गेलं, एवढ्यात अर्धा-एक सेकंद निघून जातो. तेवढ्यात बहुधा पुढचा शॉट लागलेला असतो. तुम्ही त्या शॉटचा आकडा लिहिता आणि एडिटर निष्पाप शॉट कापतो. म्हणून थांबवल्यावर थोडं मागे या आणि सावकाश पुढे सरकत नेमक्या जागी थांबा. VLC मध्ये E दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. शॉटबद्दल लिहायचं तर शॉटची पहिली फ्रेम घ्या, बोलण्याबद्दल लिहायचं तर शब्द सुरू होतो ती जागा.

दरवेळी फ्रेमपर्यंत जायची गरज नाही. संगीत, वेग, एखादा प्रसंग, अशा बहुतेक नोट्सना सेकंद पुरतो. शेवटच्या जोडीत 00 लिहा आणि "00 म्हणजे फ्रेम मोजलेली नाही" असं दोघांत ठरवून टाका. फ्रेम लागते ती मोजक्या ठिकाणी: ओठ आणि आवाज जुळत नाहीत, कट एखाद्या हालचालीच्या अधेमधे पडलाय, किंवा दोन शॉट्सच्या मधे चुकून तिसऱ्याच शॉटची एखादी फ्रेम राहून गेलीय आणि डोळ्यासमोर लखकन काहीतरी चमकून जातं. तिथे फ्रेम लिहिली नाही तर एडिटरला ते दिसणारसुद्धा नाही. आणि शेवटची जोडी दशांश समजून वाचू नका. २५ च्या वेगात ती 00 ते 24 धावते. 01:04:02:20 म्हणजे दोन सेकंद आणि वर वीस फ्रेम, जवळजवळ पावणेतीनच्याही पुढे.

वेळ जुळली म्हणजे एडिटर योग्य जागी पोचला. तिथे पोचून त्याने करायचं काय, हे तुमच्या चारपैकी एकाही नोटमध्ये नाही. एकेक घेऊ.

"हा शॉट नको." फिल्म मी पाहिलेली नाही, पण समजा तो आजोबांच्या हातांचा शॉट आहे. एडिटरच्या मनात लगेच प्रश्न येतात. शॉट वाईट आहे? लांब आहे? इथे नको पण दुसरीकडे चालेल? की चित्र राहू दे, त्याखालचं बोलणं नको? त्यातच मुलाखतीवर ठेवलेल्या अशा शॉटखाली अनेकदा एक गुपित दडलेलं असतं. आजोबांचं वाक्य लांबलं होतं, एडिटरने मधला अर्धा भाग काढून दोन टोकं जोडली, आणि त्या सांध्यावर आजोबांचं डोकं टुणकन हललेलं दिसू नये म्हणून वर हात ठेवले. तुम्ही हात काढायला सांगितलेत तर तो सांधा उघडा पडतो. तुम्ही पुढच्या कटवर लिहिता, "इथे झटका बसतो," आणि तो दात-ओठ खात हात परत आणतो. हीच नोट अशी लिहिली असती तर:

"01:04:02:00 ते 01:04:07:00. चित्र. हातांचा हाच शॉट 01:01:40 ला येऊन गेला आहे, इथे परत पाहिल्यावर पुनरावृत्ती वाटते. बोलणं आहे तसंच हवं. दुसरं कुठलंही चित्र चालेल."

कुठून कुठपर्यंत, चित्र की आवाज, काय वाटलं, कशाला हात लावायचा नाही, सगळं आलं. आणि उपाय त्याच्यावर सोडला. त्याच्याकडे चाकांचा क्लोजअप असेल, खिडकीतला उजेड असेल. ते त्याला तुमच्यापेक्षा पटकन सापडेल, कारण तो महिनाभर त्या फुटेजमध्ये राहतोय. मी बरीच वर्षं कापतो आहे आणि "काढ" या शब्दाइतका महाग शब्द मला भेटलेला नाही. एकदा मला नोट आली होती, "ती बघते तो शॉट काढा." त्या प्रसंगात ती चार वेळा बघत होती. मी तिसरं बघणं काढलं. दिग्दर्शकाला पहिलं अभिप्रेत होतं, आणि तिसरं त्याला फार आवडायचं.

"संगीत जड." इथे तीन वेगवेगळी कामं एकाच शब्दात कोंबली गेली आहेत. आवाज मोठा असेल तर तो कमी करायचा, दोन मिनिटांचं काम. संगीत लवकर सुरू होत असेल तर सुरुवात पुढे ढकलायची, हेही सोपं. पण चालच दुःखी असेल आणि तुम्हाला तिथे दुःख नको असेल तर दुसरी चाल शोधायची, त्यात अर्धा दिवस जातो. यातलं कुठलं, ते लिहा. त्याआधी मात्र विचारून घ्या की ते संगीत राहणार आहे की तात्पुरतं टाकलंय. रफ कटमध्ये निम्म्या गोष्टी जागा अडवायला ठेवलेल्या असतात: उसनं संगीत, एडिटरने स्वतःच्या आवाजात वाचलेलं निवेदन, रंग न सुधारलेली चित्रं. तात्पुरत्या गोष्टींची यादी त्याने कटबरोबरच पाठवायला हवी होती. पुढच्या वेळी मागून घ्या. नाहीतर तुमच्या अडीच पानांतलं एक पान "चित्र पिवळट दिसतं" यातच जायचं. तात्पुरत्या संगीताबद्दलही एक गोष्ट जरूर लिहा, ती म्हणजे तिथे भाव कोणता हवा. ती नोट संगीतकाराच्याही कामाला येते.

"इथे काहीतरी खटकतं." ही चारांतली सर्वांत वाईट नोट आहे असं तुम्हाला वाटत असेल. मला ती पहिल्या दोनांपेक्षा बरी वाटते, कारण ती खोटा उपाय सुचवत नाही. तिला फक्त थोडं खणायला हवं. खटकलं म्हणजे काय झालं? लक्ष उडालं? आपण कुठे आहोत ते कळेना? बोलणं ऐकू येईना? की आजोबांच्या मागचा आवाज एकदम बदलला, आधी रस्ता ऐकू येत होता आणि आता शांतता? कारण सापडलं नाही तरी लक्षण लिहा: "01:08:55:00 पासून साधारण पंधरा सेकंद माझं लक्ष फिल्ममधून उडालं. तिन्ही वेळा इथेच."

"तिन्ही वेळा" हे जरूर सांगा, त्याने एडिटर ताठ बसतो. पण त्या पंधरा सेकंदांवर कात्री चालवायची घाई तुम्हीही करू नका आणि त्यालाही करायला लावू नका. लक्ष उडालं ती जागा आणि बिघडलं ती जागा बऱ्याचदा वेगळ्या असतात. समजा आजोबा सहाव्या मिनिटाला सांगतात की हा धंदा त्यांच्या वडिलांचा, आणि साडेआठला तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगतात. तुम्हाला कंटाळा येतो 01:08:55 ला, कारण तोवर मनाला कळलेलं असतं की नवीन काही मिळत नाहीय. कापायला हवं साडेआठचं, किंवा खरं तर सहाचं. ज्या जागी तुम्ही थांबलात ती निरपराध असू शकते. म्हणून अशा नोटमध्ये वेळ द्या, लक्षण द्या, आणि कारणाचा संशय असेल तर त्याचीही वेळ द्या: "कदाचित 01:06:10 ला हेच ऐकलंय म्हणून."

"शेवट लांब." ही नोट वेळेच्या यादीत टाकायची नाही. ती अख्ख्या फिल्मची नोट आहे, तिची जागा सगळ्यात वर, टाइमकोडच्या यादीच्या आधी, दोन-चार पूर्ण वाक्यांत. शेवट कुठून सुरू होतो असं तुम्ही धरता, ते मात्र टाइमकोडने सांगा. एडिटरच्या मते तो दुकान बंद होण्यापासून सुरू होत असेल आणि तुमच्या मते त्यानंतरच्या पाट्यांपासून. अशा मोठ्या नोट्स आधी वाचल्या की तो कामाचा क्रम लावू शकतो. आणि एक पथ्य पाळा. एखादा प्रसंग पूर्ण काढावा असं तुम्ही वर लिहिलंत, तर त्या प्रसंगाच्या आतल्या अकरा बारीक नोट्स खोडून टाका. मी अर्धा दिवस घासूनपुसून ठेवलेला प्रसंग नंतर कचऱ्यात गेलेला पाहिला आहे, कारण बारीक नोट्स पहिल्या पानावर होत्या आणि "हा प्रसंगच नको" तिसऱ्या पानावर.

प्रत्येक नोटमध्ये वेळेबरोबर तिथला एखादा ऐकू येणारा शब्द किंवा दिसणारी वस्तूही लिहा, जसं "'काटा अडकला' या वाक्यानंतर". ही तुमची दुसरी खूण. वेळ चुकली, कट बदलला, तरी ते वाक्य ऐकून तो जागा शोधतो. तुमच्या अडीच पानांत अशा खुणा असत्या तर "कुठलं चार-बारा" हा फोन आलाच नसता, दहा सेकंदांचा घोळ असूनही.

लिहायचं कुठे? स्प्रेडशीटच बरी, एका ओळीत एकच गोष्ट. एका ओळीत "संगीत कमी कर आणि पाटीतलं शुद्धलेखन बघ" असं लिहिलंत तर तो एक करेल, ओळीवर बरोबरची खूण करेल आणि दुसरं राहून जाईल. रकाने फार नकोत: क्रमांक, कुठून, कुठपर्यंत, चित्र की आवाज की अक्षरं, नोट, आणि एक रिकामा रकाना त्याच्या उत्तरासाठी. हवा तर नोट किती महत्त्वाची याचा एक रकाना करा, पण त्यात दोनच शब्द ठेवा, "हवंच" आणि "जमलं तर". पाच पायऱ्या केल्या की सगळं तिसऱ्या पायरीवर जाऊन बसतं.

स्प्रेडशीटची एक खोडी आहे. तुम्ही 4:12 टाइप करता आणि ती समजते की पहाटेचे चार वाजून बारा मिनिटं झालीत. दिसायला ठीक दिसतं, पण आत भलतंच साठतं आणि दुसरीकडे चिकटवलं की कधी दशांश अपूर्णांक बाहेर पडतो. रकाना आधीच साध्या मजकुराचा करून ठेवा, किंवा सरळ चारही जोड्या लिहा. 01:04:02:00 हे तिच्या घड्याळात बसत नाही म्हणून ती हात लावत नाही. शून्यंही गाळू नका. मजकूर म्हणून क्रम लावला तर 10:05 हे 2:05 च्या आधी येतं, 02:05 लिहिलं तर नाही. आणि नोट मराठीत लिहा, खुशाल लिहा, पण टाइमकोडचे आकडे 0 ते 9 असेच टाइप करा, ०१:०४ नको. एडिटर तो आकडा उचलतो आणि सॉफ्टवेअरच्या वेळेच्या चौकटीत टाकून थेट त्या फ्रेमवर जातो. देवनागरी आकडा त्याला हाताने पुन्हा टाइप करावा लागतो, चाळीस नोट्स असल्या तर चाळीस वेळा, आणि तिथेच 7 चा 1 होतो.

Frame.io सारखी सोय असेल, जिथे फिल्म थांबवून तिथेच लिहिता येतं, तर वेळ आपोआप चिकटते आणि आकड्यांचा हा सगळा कुटाणा टळतो. टळत नाही ती "इथे खटकतं" ही नोट. ती तिथेही तशीच निरुपयोगी, फक्त अचूक जागेवर.

कटमधल्या बदलांनी वेळा सरकतात याची धास्ती मात्र घेऊ नका, ते एडिटरने सांभाळायचं असतं. कोणी जुनी टाइमलाइन शेजारी उघडी ठेवून पाहत जातो. कोणी काम सुरू करण्याआधी सगळ्या नोट्सचे मार्कर टाइमलाइनवर लावून घेतो, म्हणजे तुकडे सरकले की मार्करही सरकतात. तसा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये चालू ठेवावा लागतो. मी स्वतः लहान फिल्मवर शेवटच्या नोटपासून उलटा मागे येतो. शेवटाकडचं कापलं तर सुरुवातीच्या वेळा हलत नाहीत, इतकं साधं आहे. तुमच्याकडून त्याला एवढंच हवं असतं की सगळ्या नोट्स एकाच फाइलवरच्या असाव्यात आणि तिचं नाव वर लिहिलेलं असावं. अर्ध्या जुन्या कटवरच्या आणि अर्ध्या नव्यावरच्या असल्या की कुठलीच युक्ती चालत नाही. तसंच, नोट्स लिहून होईपर्यंत कट बदलायचा नाही, हे त्यालाही सांगा. ती "छोटीशी दुरुस्ती" करायला त्याने थांबायला हवं होतं, निदान तुम्हाला नवी फाइल तरी द्यायला हवी होती. इथे चूक तुमची एकटीची नाही.

दुसरा कट आला की जुन्या शीटमध्येच नव्या वेळा भरू नका. नवी शीट करा, वर नव्या फाइलचं नाव. जुनीत त्याच्या उत्तरांचा रकाना वाचा. "झालं" लिहिलेल्या ओळी बघून सोडून द्या. "करून पाहिलं, नको वाटलं" अशा दोन-तीन ओळी असतील, फोन त्यांच्यासाठी करा, आणि तो करताना दोघांच्याही समोर तीच फाइल उघडी असू द्या.